निकाल हाती येण्याआधी लिहायची प्रस्तावना

२०१४ साली पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर या दोघांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या शिक्षकांनी तो हातोहात उचलला. लॅपटॉपवर नोट्स घेणारी मुलं वक्त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवत जातात, वहीत लिहिणाऱ्यांना मात्र हाताच्या वेगामुळे निवड करावी लागते, आणि त्या निवडीतच विषय समजतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. पहिल्या प्रयोगात प्रिन्स्टन विद्यापीठातले ६७ विद्यार्थी होते. त्यांनी सुमारे पंधरा मिनिटांचं एक व्याख्यान पाहिलं, नोट्स घेतल्या आणि थोड्या वेळाने प्रश्नांची उत्तरं दिली. माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गट सारखेच निघाले. संकल्पना समजली का, हे तपासणाऱ्या प्रश्नांत मात्र वहीवाले पुढे गेले. वर्गात लॅपटॉप नको, असं म्हणणाऱ्या अनेक शिक्षकांना यातून हवा तो आधार मिळाला.

सात वर्षांनी हेदर अरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग १४२ जणांवर पुन्हा केला. लॅपटॉपवाल्यांनी याही वेळी जास्त शब्द लिहिले, वक्त्याचे शब्द जास्त प्रमाणात उचलले. पण प्रश्नांच्या उत्तरांत ते मागे पडले नाहीत. युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग टिकला, दुसरा टिकला नाही.

आता समजा, पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेला हा प्रश्न मराठीतून शिकणाऱ्या मुलांवर तपासायचा आहे. ही प्राध्यापिका काल्पनिक आहे, पण तिच्यापुढची अडचण खरी आहे. तिने ‘रजिस्टर्ड रिपोर्ट’ हा मार्ग निवडला आहे. या पद्धतीत निबंधाची प्रस्तावना, प्रयोगाची रीत आणि विश्लेषणाचा आराखडा एवढंच आधी नियतकालिकाकडे जातं. एकाही विद्यार्थ्याची माहिती तोवर गोळा झालेली नसते. समीक्षक आराखडा तपासतात, दुरुस्त्या सुचवतात आणि तो पटला की नियतकालिक तत्त्वतः स्वीकृती देतं. म्हणजे ठरल्याप्रमाणे प्रयोग केला तर निकाल काहीही लागो, निबंध छापला जाईल. २०१३ मध्ये ‘कॉर्टेक्स’ या नियतकालिकाने, ख्रिस चेंबर्स यांच्या पुढाकाराने, ही सोय सुरू केली. आज तीनशेहून अधिक नियतकालिकं ती देतात.

एक अट यात फार महत्त्वाची आहे. तत्त्वतः स्वीकृती मिळाल्यावर प्रस्तावना गोठते. ‘तपासले जाईल’चं ‘तपासले’ करता येतं, शुद्धलेखन सुधारता येतं, याउपर जवळपास काहीच बदलता येत नाही. म्हणून ही प्रस्तावना नेहमीच्या प्रस्तावनेपेक्षा वेगळ्या हाताने लिहावी लागते. नेहमीची प्रस्तावना बहुतेकदा निकाल माहीत असताना लिहिली जाते. मिळालेला निकाल आधीच अपेक्षित होता असं दाखवण्याच्या या सवयीवर नॉर्बर्ट कर यांनी १९९८ सालीच बोट ठेवलं होतं.

प्राध्यापिकेच्या पहिल्या मसुद्यातला शेवटचा परिच्छेद असा होता, असं धरू:

‘लॅपटॉपवर नोट्स घेतल्याने आकलनावर परिणाम होतो, असे काही अभ्यासांत आढळले आहे; इतर काही अभ्यासांत मात्र असा फरक दिसलेला नाही. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा संबंध कसा आहे, हे प्रस्तुत अभ्यासात तपासले जाईल. टंकलेखनाचा सराव आणि विषयाची आवड यांची भूमिकाही लक्षात घेतली जाईल.’

वाचायला यात काही चूक वाटत नाही. असे परिच्छेद हजारो निबंधांत सापडतात. पण या परिच्छेदाला हरवता येईल असा निकाल कोणता, हे शोधू गेलं तर एकही मिळत नाही. वहीवाले पुढे गेले तर तो ‘काही अभ्यासां’शी जुळतो. फरक दिसला नाही तर ‘इतर काही’शी जुळतो. लॅपटॉपवाले पुढे गेले तर टंकलेखनाचा सराव मदतीला येतो. प्रस्तावनेने सगळी दारं उघडी ठेवली आहेत, त्यामुळे प्रयोगातून काय कळणार आहे हेच ठरलेलं नाही.

दुसरी अडचण विश्लेषणाची. ‘आकलन’ म्हणजे माहितीच्या प्रश्नांचे गुण, संकल्पनेच्या प्रश्नांचे गुण की एकूण गुण? टंकलेखनाचा सराव ‘लक्षात घेणं’ म्हणजे हळू टंकणाऱ्यांना वगळणं, की सगळ्यांना ठेवून गणितात वेगाचा हिशेब धरणं? आवडीचं काय? हे सगळे पर्याय प्रामाणिक आहेत, प्रत्येकाच्या बाजूने बोलता येतं. धोका तिथेच आहे. आकडे समोर आल्यावर संशोधक त्यातला एक निवडतो आणि त्याला मनापासून वाटतं की हाच योग्य होता. सिमन्स, नेल्सन आणि सिमन्सन यांनी २०११ मध्ये संगणकावर याचा हिशेब मांडला. दोनपैकी कोणतंही मोजमाप घेणं, निकाल पाहून आणखी काही माणसं जोडणं, लिंगाचा हिशेब धरणं किंवा सोडणं, तीनपैकी एक गट गाळणं, अशा चार साध्या सवलती एकत्र घेतल्या तर अस्तित्वातच नसलेला फरक ‘सापडण्या’ची शक्यता ठरलेल्या ५ टक्क्यांवरून सुमारे ६१ टक्क्यांवर जाते.

आणि ही केवळ संगणकावरची गोष्ट नाही. राफाएल सिल्बरझान आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलच्या सामन्यांची एकच माहिती २९ गटांना देऊन एकच प्रश्न विचारला: सावळ्या खेळाडूंना लाल कार्ड जास्त मिळतात का? २० गटांना संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठोस उत्तर ‘हो’ असं मिळालं, ९ गटांना तसं मिळालं नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कुणाला ठरावीक निकाल मिळवण्याची घाई नव्हती, तरीही उत्तरं फाकली. प्रश्न एका वाक्यात विचारलेला असला तरी त्याचं विश्लेषण एकच असतं असं नाही.

आता पुनर्लेखन. सुरुवात गणितापासून करावीशी वाटते, पण ती युक्तिवादापासून करायला हवी. म्युलर-ओपनहायमर यांच्या म्हणण्यातल्या कड्या सुट्या केल्या की तीन वाक्यं मिळतात. टंकणं हे लिहिण्यापेक्षा वेगवान असतं. वेग जास्त असला की माणूस शब्दशः उतरवतो. शब्दशः उतरवणारा विचार कमी करतो, म्हणून त्याला संकल्पना कमी समजते. अरी यांच्या प्रयोगात पहिल्या दोन कड्या टिकल्या होत्या आणि तिसरी निसटली होती. म्हणजे पणाला लागली आहे ती तिसरी कडी, आणि प्रस्तावनेने हे स्पष्ट म्हणायला हवं.

पण मराठीत पहिलीच कडी डळमळते. कीबोर्डवर इंग्रजी सराईतपणे टंकणाऱ्या मुलाला देवनागरी टंकताना जोडाक्षरं, रफार, वेलांट्या यांपाशी अडखळायला होतं. त्याचा मराठी टंकण्याचा वेग हाताच्या वेगापेक्षा कमी असणं अगदी शक्य आहे. तसं असेल तर लॅपटॉपवर बसवूनही तो शब्दशः उतरवू शकणार नाही, आणि मग दोन्ही गटांच्या गुणांत फरक नाही दिसला तर त्याचा तिसऱ्या कडीशी काहीच संबंध उरणार नाही. प्रयोग चुकीच्या जागी झाला, एवढाच त्याचा अर्थ होईल. पहिल्या मसुद्यात ‘टंकलेखनाचा सराव’ हे दोन शब्द या सगळ्या गोष्टीवर पांघरूण घालत होते.

म्हणून प्राध्यापिकेला दोन गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. एक, प्रयोगात घ्यायच्या विद्यार्थ्यांची देवनागरी टंकण्याची किमान गती. समजा, छोट्या पूर्वचाचणीवरून तिने मिनिटाला २५ शब्द ही रेषा आखली. ही गती गट पाडण्याआधी मोजायची, म्हणजे तिचा वापर नंतर कुणाला गाळण्यासाठी होऊ शकत नाही. दोन, प्रयोग नीट चालला की नाही याची खूण. लॅपटॉप गटाने वहीच्या गटापेक्षा सरासरी जास्त शब्द लिहिलेले असले पाहिजेत. ही खूण मिळाली नाही तर गुणांच्या निकालावरून सिद्धांताबद्दल काहीही म्हणायचं नाही, हे प्रस्तावनेत आधीच लिहून ठेवायचं. समीक्षक या अटीकडे बारकाईने पाहतात, कारण ती नसली तर नावडता निकाल आल्यावर ‘प्रयोगच बिघडला होता’ असं म्हणण्याची वाट मोकळी राहते, आणि आवडता निकाल आला तर कुणी तसं विचारतही नाही.

रोमन लिपीचाही प्रश्न येतो. भरभर लिहायची वेळ आली की अनेक मुलं ‘mala samajla’ अशा वळणावर जातात. तसं चालू दिलं तर वक्त्याचे किती शब्द जसेच्या तसे आले हे मोजणं अवघड होतं, कारण एकच शब्द तीन मुलं तीन प्रकारे लिहितात. इथे कोणता निर्णय बरोबर, यावर वाद होऊ शकतो. प्राध्यापिकेने सूचना देवनागरीची ठेवली, आणि सूचना मोडणाऱ्या मुलाचे गुण तरीही त्याच्याच गटात मोजायचे ठरवलं. त्याचा निर्णय शांतपणे, आकडे नसताना झाला, हे महत्त्वाचं.

आता भाकीत. ते एकच मुख्य असावं आणि एकाच आकड्यावर टेकलेलं असावं. प्राध्यापिकेने संकल्पनेच्या प्रश्नांची २० गुणांची चाचणी निवडली. माहितीच्या प्रश्नांबद्दल सिद्धांत काही सांगत नाही, म्हणून ते गुण मुख्य निकालात नाहीत. नोट्स पुन्हा वाचायला द्यायच्या की नाही, हेही इथेच ठरतं. वाचायला दिल्या तर जास्त शब्द लिहिणाऱ्याचा फायदा होऊ शकतो, आणि मग लिहितानाचा विचार आणि नंतरची उजळणी यांची सरमिसळ होते. तिसरी कडी लिहितानाच्या विचाराबद्दल आहे, तेव्हा नोट्स परत द्यायच्या नाहीत.

यानंतर सगळ्यात कठीण प्रश्न येतो: किती फरक म्हणजे फरक? मोठा गट घेतला तर पाव गुणाचा फरकही ठोस ठरवता येतो, पण पाव गुणासाठी कुणी वर्गातून लॅपटॉप हद्दपार करणार नाही. प्राध्यापिकेने २० पैकी २ गुण ही सीमा धरली आणि तिचं कारण लिहिलं: याहून कमी फरकासाठी वर्गाचा नियम बदलणं शिक्षकांना रास्त वाटणार नाही. चाचणीचं प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीभोवती साधारण किती पसरतात ते माप, ५ गुण असेल तर २ गुण म्हणजे त्याच्या ०.४ पट. एवढा खरा फरक असेल तर तो दहापैकी नऊ वेळा हाती लागावा, एकाच दिशेची चाचणी आणि ५ टक्क्यांची रेषा, असा हिशेब केला की प्रत्येक गटात १०८ विद्यार्थी लागतात. एकूण २१६. काही नियतकालिकं याहून कडक रेषा मागतात, मग संख्या आणखी वाढते. तुलनेसाठी, ६७ जणांचे दोन गट केले तर तेवढ्याच खात्रीने फक्त ०.७ पटीहून मोठा फरक पकडता येतो.

या संख्येचा एक जादा उपयोग आहे, आणि तो बऱ्याच मसुद्यांत राहून जातो. फरक मुळीच नसेल तर ‘फरक २ गुणांपेक्षा कमी आहे’ हे दाखवण्यासाठीही तितकेच १०८ पुरतात, कारण गणित तेच, फक्त उलट बाजूने. म्हणजे भाकीत हरलं तर ते हरलं असं ठामपणे म्हणता येतं. नुसतं ‘फरक आढळला नाही’ या वाक्यात हा ठामपणा नसतो. फरक नसल्याने तो आढळला नाही की माणसं कमी पडल्याने आढळला नाही, हे त्या वाक्यातून कळत नाही.

प्रस्तावनेत निकालांचे अर्थ आधीच लिहायचे असतात, ते इथे. दोन गटांच्या सरासरीतला फरक आणि त्याभोवतीची ९० टक्क्यांची कक्षा काढायची. विचलन ५ आणि गट १०८ चे असतील तर कक्षा दोन्ही बाजूंना साधारण १.१ गुणांची होते. वहीवाले १.५ गुणांनी पुढे असतील तर कक्षा ०.४ ते २.६: शून्य बाहेर राहिलं, भाकीत टिकलं. ते फक्त ०.३ ने पुढे असतील तर कक्षा उणे ०.८ पासून १.४ पर्यंत: २ गुण बाहेर राहिले, म्हणजे दखल घ्यावी असा फरक नाही आणि तिसऱ्या कडीविरुद्ध पुरावा मिळाला. बरोबर १ गुणाने पुढे असतील तर कक्षा उणे ०.१ पासून २.१ पर्यंत: शून्यही आत, २ ही आत. अशा वेळी निष्कर्ष निघत नाही, आणि ‘कल दिसतो’ असंही लिहायचं नाही. ही तिसरी शक्यता लिहून ठेवायला संशोधक कचरतात. पण नेमक्या याच निकालानंतर हात सैल सुटतात, आणखी वीस मुलं घेऊ, एक प्रश्न गाळू, असे विचार येतात. ती लिहिलेली असेल तर त्या विचारांना जागा राहत नाही.

वगळण्याचे निकष थोडक्यात उरकता येतात, पण टाळता येत नाहीत. २०१४ च्या पहिल्या प्रयोगात दोघे वगळले गेले होते, त्यातल्या एकाने ते व्याख्यान आधीच पाहिलेलं होतं. कारण रास्त आहे. आपल्या प्राध्यापिकेने तेच कारण आधी लिहिलं, आणखी दोन जोडली: नोट्सचा कागद किंवा पडदा पूर्ण कोरा असणं आणि ध्वनिचित्रफीत मध्येच बंद पडणं. हे सगळं उत्तरपत्रिका तपासण्याआधी ठरेल, आणि प्रत्येक गटात १०८ होईपर्यंत नवे विद्यार्थी घेतले जातील. उत्तरपत्रिका दोन शिक्षक तपासतील, कोणती कोणत्या गटाची हे त्यांना माहीत नसेल, आणि दोघांच्या गुणांची सरासरी धरली जाईल.

तर प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद आता असा होतो:

‘शब्दशः नोट्स घेतल्याने संकल्पनांचे आकलन घटते, हा दावा आम्ही तपासत आहोत. तो खरा असेल तर मराठी व्याख्यानानंतर, नोट्स परत न वाचता दिलेल्या संकल्पनेच्या चाचणीत वहीत लिहिणाऱ्या गटाचे सरासरी गुण लॅपटॉप गटापेक्षा जास्त असतील. लॅपटॉप गटाने जास्त शब्द लिहिले असतील, तरच या निकालावरून दाव्याविषयी निष्कर्ष काढला जाईल. ९० टक्क्यांच्या कक्षेत शून्य नसेल आणि ती शून्याच्या वर असेल, तर दाव्याला आधार मिळाला असे मानू. पूर्ण कक्षा २ गुणांच्या खाली असून तिच्यात शून्य असेल किंवा ती शून्याखाली असेल, तर दाव्याविरुद्ध पुरावा मानू. कक्षेत शून्य आणि २ हे दोन्ही असतील, तर निष्कर्ष नाही. टंकण्याचा वेग आणि विषयाची आवड यांचा मुख्य विश्लेषणात समावेश नाही.’

भाषा कोरडी झाली, हे खरं. पण आता दोन अनोळखी माणसांना हा परिच्छेद आणि कच्चे आकडे दिले तर दोघांचं उत्तर एकच येईल. मसुदा तपासण्याचा हाच उत्तम मार्ग आहे. प्रयोगाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला आराखडा द्यावा, बनावट आकड्यांवर विश्लेषण करायला सांगावं, आणि तो कुठे थांबून प्रश्न विचारतो ते टिपावं. त्याचा प्रत्येक प्रश्न म्हणजे राहून गेलेला एक निर्णय.

या शिस्तीने निकालांचं चित्र किती बदलतं, ते ॲन शील आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मोजलं. मानसशास्त्रातल्या नेहमीच्या पद्धतीच्या १५२ निबंधांपैकी ९६ टक्क्यांत पहिलं भाकीत खरं ठरलेलं होतं. ७१ रजिस्टर्ड रिपोर्ट्समध्ये हे प्रमाण ४४ टक्के होतं. हा सगळा फरक एकट्या प्रस्तावनेमुळे पडला असं म्हणता येत नाही, कारण आधीच शंकास्पद वाटणारे दावे या मार्गाने जास्त तपासले जात असतील. औषधांच्या चाचण्यांत मात्र असंच काहीसं दिसलं होतं. अमेरिकेच्या हृदय, फुप्फुस आणि रक्त संस्थेच्या निधीतून झालेल्या मोठ्या चाचण्यांपैकी २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत औषधाचा किंवा उपायाचा लाभ दिसला होता. मुख्य निकाल आधी नोंदवण्याची पद्धत रुळल्यानंतरच्या २५ पैकी फक्त दोघींत दिसला. भारतातही औषधांच्या चाचण्यांची नोंद २००९ पासून सक्तीची आहे, पण त्या नोंदीत विश्लेषणाचा इतका तपशील द्यावा लागत नाही.

मर्यादाही आहेत. जिथे काय शोधायचं हेच अजून कळलेलं नाही, तिथे ही पद्धत उपयोगी नाही. बोलीभाषांचा नवा संग्रह ऐकणाऱ्याने आधी भाकीत लिहून काय करायचं? पहिल्या फेरीच्या परीक्षणात महिने जातात, आणि शैक्षणिक वर्ष कुणासाठी थांबत नाही. शिवाय गोठलेली प्रस्तावना मधल्या काळात आलेल्या नव्या संशोधनाला जागा देत नाही, त्याची चर्चा शेवटच्या भागात करावी लागते.

आणि प्रयोग सुरू झाल्यावर न ठरवलेलं काही घडतंच. समजा, लॅपटॉप गटातल्या तीस मुलांनी सूचना विसरून मधूनच रोमन लिपी धरली आणि त्यांचे गुण लक्षात येण्याजोगे वेगळे निघाले. प्राध्यापिकेला यात रस वाटणं स्वाभाविक आहे, आणि तिने ते लिहावंच. पण ते ‘शोधपर विश्लेषण’ या वेगळ्या मथळ्याखाली, मुख्य निकाल ठरल्याप्रमाणे मांडून झाल्यावर. लिपी बदलल्याने विचार करायची रीत बदलते का, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा उभा राहतो. त्याचं भाकीत पुढच्या आराखड्यात, नव्या २१६ मुलांना बोलावण्याआधी लिहिलं जाईल.